नऊ साहेब आणि नसीमबानू

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हे ज्याला कळत नाही, त्याने घरी बसून भाजी निवडावी. ट्रस्टवर जाऊ नये. मी गेलो. पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एकतीस वर्षं पर्सोनेल मॅनेजर होतो, तेव्हा माणसं आणि कागद दोन्ही मला कळतात असा माझा समज होता. त्या समजापोटी मी कसबा पेठेतल्या कै. चंद्रभागाबाई स्मृती रुग्णालयाचा मानद चिटणीस झालो. मानद म्हणजे फुकट. साठ खाटांचं हॉस्पिटल, नऊ विश्वस्त आणि एक नसीमबानू.

नसीमबानू तांबोळी यांचा हुद्दा 'ऑफिस असिस्टंट (वरिष्ठ)'. वय त्रेपन्न. चोवीस वर्षांपूर्वी त्या इथे केसपेपर काढायला लागल्या. पुढे ज्या कामाला माणूस नव्हता ते काम त्यांच्याकडे येत गेलं, आणि आमच्याकडे कुठल्याच कामाला माणूस नव्हता. सगळा स्टाफ त्यांना बानूताई म्हणतो. बसायला जागा जिन्याखाली. तिथे एक टेबल, दोन कपाटं, आणि उंच माणूस आत शिरला की त्याच्या कपाळाला लागणारी एक तुळई. मला ती पहिल्या आठवड्यात तीनदा लागली. नसीमबानू तिन्ही वेळा वर न बघता म्हणाल्या, "डोकं सांभाळा, सर." लागल्यानंतर.

आता मूळ त्रासाकडे येतो. आम्ही हॉस्पिटलच्या राष्ट्रीय मानांकनासाठी अर्ज केला होता. प्राथमिक तपासणीला दोन माणसं आली, त्यांनी दोन दिवस सगळं पाहिलं आणि त्रुटींची यादी दिली. त्यातली अकरावी त्रुटी अशी: संस्थेच्या रचना-तक्त्यात 'हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेटर' अशी चौकट आहे, चौकटीत नाव नाही, आणि त्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शनही नाही. कर्तव्ये, कोणाला जबाबदार, आवश्यक पात्रता, हे सगळं लेखी हवं. महिन्याभरात.

अध्यक्ष तात्याराव वडके यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. तात्यारावांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आणि हॉस्पिटलकडेही ते दुकानासारखंच बघतात, म्हणजे प्रेमाने आणि कोणाचंही न ऐकता. "खांबेटे, तुम्ही पर्सोनेलवाले. एका संध्याकाळचं काम आहे," ते म्हणाले.

एका संध्याकाळचं! माझी एकोणीस दिवस झोप उडाली.

पहिल्या संध्याकाळी मी शहाणपणा करून इंटरनेटवरून एक आयता नमुना उतरवला आणि कॉम्प्युटरलाच त्याचं मराठी करायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या तोऱ्यात जिन्याखाली नेला. नसीमबानूंनी चष्मा लावून वाचला.

"सर, 'उमेदवाराची एकाच वेळी अनेक टोप्या घालण्याची तयारी असावी'?"

"म्हणजे अनेक जबाबदाऱ्या."

"आपल्या पेठेत टोपी घालणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे ना? हे गेटवर लावलं तर उमेदवार येतील, पण भलते येतील."

मी कागद खिशात घातला. रागावलो होतो, आणि बाई बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच रागावलो होतो.

"मग तुम्हीच सांगा, ॲडमिनिस्ट्रेटरची कर्तव्ये काय?" मी विचारलं.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. त्यानंतरचे दोन तास मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. त्या दोन तासांत त्यांना सव्वीस वेळा कोणी ना कोणी हाक मारली. मधल्या फटींत त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. महापालिकेकडची नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी नूतन करायची. अग्निशमन यंत्रणेची तपासणी परवानाधारकाकडून करून घेऊन तिचा दाखला जानेवारीत आणि जुलैत भरायचा. सोनोग्राफीचे फॉर्म रोजच्या रोज तपासायचे आणि महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत पाठवायचा. एक रकाना कोरा राहिला तरी मशिनला सील लागू शकतं. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल तीस जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के, त्यांची माहिती दर महिन्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विमा कंपन्यांच्या परवानग्या. व्हेंटिलेटर, लिफ्ट आणि जनरेटर यांचे देखभाल करार. नर्सेस सोडून बाकीच्यांच्या ड्युट्या. लाँड्री, कॅन्टीन, सुरक्षा. तक्रारी. मयताच्या नातेवाइकांशी बोलणं.

शेवटचं त्या अगदी त्याच आवाजात म्हणाल्या. मी पेन थांबवलं.

"तेही?"

"डॉक्टर काय झालं ते सांगतात, सर. पुढे काय करायचं ते कोणीतरी सांगावं लागतं. दाखला कुठे मिळेल, गाडी कोण बोलावणार. ते लिहा. नाहीतर येणारा साहेब म्हणेल माझ्या कागदात नाही."

मी लिहिलं. मग मी नेहमीच्या सवयीने प्रत्येक ओळीपुढे 'करणे' घातलं. नोंदणी नूतनीकरण करणे, अहवाल पाठवणे, लाँड्री बघणे. नसीमबानूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि एकेका ओळीपुढे खूण केली. काही ठिकाणी 'करणे', काही ठिकाणी 'करून घेणे', काही ठिकाणी 'कळवणे'. "सगळीकडे 'करणे' लिहिलंत तर तो माणूस माझ्यासारखा होईल," त्या म्हणाल्या. "तेवीस कामं करेल आणि चोविसाव्यासाठी बोलणी खाईल. आणि औषधोपचाराचं काहीही त्याच्याकडे ठेवू नका. ते मेडिकल सुपरिंटेंडेंटचं. डॉक्टरांच्या ड्युट्याही त्यांच्याच. ॲडमिनिस्ट्रेटरने त्यांच्याशी समन्वय ठेवायचा, हुकूम सोडायचा नाही."

एकतीस वर्षं मी जॉब डिस्क्रिप्शन लिहीत होतो. 'करणे' आणि 'करून घेणे' यांतला फरक मला असा कोणी सांगितला नव्हता. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

"नसीमबानू, स्पष्टच विचारतो. ही जागा तुमची आहे. तुम्ही अर्ज करणार ना?"

त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मग उत्तर दिलं. "सर, आमची मुलगी मिसबा खराडीला विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीत आहे. तिथे मला बोलावलंय. एक तारखेला हो-नाही सांगायचंय. तिथला मॅनेजर मिसबाच्या वयाचा आहे. पण एकच आहे."

"म्हणजे?"

"इथे मला नऊ साहेब आहेत. तुमच्या कागदात 'कोणाला जबाबदार' अशी एक ओळ आहे ना? त्या ओळीत एकच नाव आलं, तर मी अर्ज करीन. नाहीतर जाते. पात्रता वगैरे तुम्ही बघा."

पण मला काळजी होती ती पात्रतेचीच. नसीमबानू बी.कॉम. आहेत. जाहिरातीत नुसती 'रुग्णालय व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी' टाकली असती तर त्यांचा अर्ज टपालातच बाद झाला असता. मी मोठ्या कौशल्याने एक 'किंवा' बसवला: रुग्णालय व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आणि पाच वर्षांचा अनुभव, किंवा कोणतीही पदवी आणि पन्नासहून अधिक खाटांच्या रुग्णालयात प्रशासकीय कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव. मानांकनवाल्यांना फोन करून विचारूनही घेतलं. पात्रता पदाला साजेशी हवी आणि नेमणुकीच्या फायलीत तिचा पुरावा हवा, असं ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

विश्वस्तांच्या सभेत तो पुन्हा बाहेर आला.

बजरंगशेठ भिलारे हे आमचे एक विश्वस्त. वाघोलीला त्यांचे प्लॉट आहेत, आणि वाघोलीच्याच कुठल्याशा कॉलेजातून नुकताच एमबीए झालेला एक भाचा आहे. ते म्हणाले, "अनुभव कशाला पाहिजे? अनुभव कामावर येतो. फ्रेश माणूस घ्या, एमबीए." दुसरे एक वृद्ध विश्वस्त म्हणाले, एमबीबीएस हवाच, लोकांना डॉक्टरचा धाक असतो. आमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉ. प्रियदर्शनी होनप सभेला निमंत्रित होत्या. त्यांनी मान वर केली. "मला वॉर्डात डॉक्टर पुरत नाहीत. चादरी मोजायला आणखी एक डॉक्टर शोधायचा का?" एमबीबीएस तिथेच बारगळलं. भाच्याला कारकुनी जागेवर बघू असं ठरलं. आणि माझा 'किंवा' चक्क मंजूर झाला! इतक्या सहज, की मला संशय यायला हवा होता.

संशय आला तो पुढच्या ओळीवर. 'कोणाला जबाबदार' या रकान्यात मी 'मानद चिटणीस, विश्वस्त मंडळाच्या वतीने' असं लिहिलं होतं. तात्यारावांनी चष्मा कपाळावर नेला.

"म्हणजे मी गेटवर एखादी गोष्ट पाहिली तर तुम्हाला फोन करायचा, तुम्ही त्यांना करणार?"

"हो."

"मग अध्यक्ष कशाला झालो?"

बजरंगशेठ म्हणाले, मग आम्ही तरी कशाला झालो. तिसरे म्हणाले, मी रोज सकाळी मंडईत जाता-जाता हॉस्पिटलात डोकावतो, मला जागच्या जागी सांगता आलं पाहिजे. पाऊण तास हे चाललं. शेवटी ती ओळ अशी ठरली: 'विश्वस्त मंडळ व सर्व सन्माननीय विश्वस्त यांना जबाबदार.' मी विरोध केला. तो इतिवृत्तात नोंदवला गेला, आणि इतिवृत्तही मीच लिहिलं.

आता आणखी एक अपमान बाकी होता. तात्याराव म्हणाले, ॲडमिनिस्ट्रेटर हा काय शब्द झाला, आपलं हॉस्पिटल मराठी, नोटीस मराठीत लावा. शब्दकोशात बघून कोणीतरी म्हणालं, प्रशासक. मी तेव्हा इतका चिडलो होतो की काहीही लिहा म्हणालो. आमच्या सोमवार सकाळच्या मूर्खपणाला मी जबाबदार आहे तो इथे.

सोमवारी गेटवर मोठ्या अक्षरांत नोटीस लागली. 'कै. चंद्रभागाबाई स्मृती रुग्णालय. प्रशासक नेमणे आहे.' खाली बारीक अक्षरांत कर्तव्ये आणि पात्रता. बारीक अक्षरं आपल्याकडे कोण वाचतं? पतसंस्था बुडाली की प्रशासक, सोसायटीत भांडणं झाली की प्रशासक, महापालिकेवर तर वर्षानुवर्षं प्रशासक. पेठेतल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ पाठ आहे: मंडळ बरखास्त, आत काहीतरी भानगड आहे.

दहाच्या आत बातमी तांबट आळीत पोचली. तात्यारावांच्या दुकानात माणसं तोंड पाडून येऊ लागली. एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'तात्या, वाईट झालं' असं म्हटल्याचं ते स्वतः सांगतात. ऑक्सिजनची गाडी आली, आणि ड्रायव्हरने फोनवर त्याच्या मालकाशी बोलून सिलिंडर उतरवायचं थांबवलं, कारण आता सही कोणाची चालते ते कळत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका पेशंटच्या मुलाने डिस्चार्ज मागितला, वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती तरी.

आणि सगळ्या विश्वस्तांनी एकदमच फोन उचलले. कोणाला करायचा याबद्दल एकाच्याही मनात शंका नव्हती.

मी अकराला पोचलो. नोटीस गेटवर नव्हती. मग दिसली. तिच्याखाली नवा कागद होता: 'अफवांवर विश्वास ठेवू नये.' मी आत जाईपर्यंत वॉचमनने दोन्ही कागद काढले, आणि पायऱ्या चढलो तर एक परत लावत होता.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"बानूताई सांगतील तसं करतोय," तो म्हणाला. तोही कावला होता.

जिन्याखाली नसीमबानू शांत बसल्या होत्या. समोर एक लांब वही, हातात पेन. फोन टेबलावर थरथरत होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"नऊ पन्नास, तात्याराव: नोटीस ताबडतोब काढा," त्यांनी वहीतून वाचलं. "काढली. दहा पाच, बजरंगशेठ: काढू नका, काढली तर लोकांना खरं वाटेल. लावली. दहा बारा: खाली अफवांबद्दल लिहा. लिहिलं. दहा वीस: अफवा शब्दाने अफवा वाढते, तेवढं काढा. दहा तीस: प्रशासकच्या जागी सीईओ लिहा. दहा एकतीस, परत तात्याराव: अजून नोटीस आहेच कशी. दहा चाळीस, तुम्ही."

मी फोन केला होता खरा. रिक्षातून. मी येईपर्यंत कोणाचंही ऐकू नका, असं म्हणालो होतो.

"आणि ऑक्सिजन?"

"उतरवून घेतला. ड्रायव्हरला धर्मादायचा या महिन्याचा अहवाल दाखवला, त्यावर तुमचीच सही आहे. हर्नियावाल्यांची डॉक्टर होनप मॅडमशी भेट घालून दिली, ते थांबतायत." त्यांनी वही मिटली. "सर, मला आज अर्धा दिवस रजा हवी आहे. अर्ज कोणाकडे देऊ?"

 चोवीस वर्षांत या बाईंनी रजेचा एकही लेखी अर्ज दिला नव्हता, हे मला त्या दिवशी समजलं. कोणाच्या नावे लिहायचा तेच ठरलेलं नव्हतं. वॉचमनला सांगून जायच्या आणि फोन चालू ठेवायच्या.

"जा तुम्ही," मी म्हणालो. "आणि ती वही जरा देता का?"

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सगळी वाचा मग. मधली पानं गाळू नका," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. फोन बंद करून गेल्या.

मी जिन्याखाली बसून वही वाचली. ती गेल्या महिन्याभराची होती. मला वाटलं होतं तक्रारी असतील. एकही नव्हती. तारीख, वेळ, कोणी सांगितलं, काय सांगितलं, झालं की नाही. मी ओळखीच्या नावांवरून हसत पुढे चाललो होतो. आणि मग हसू थांबलं.

बुधवारी तातडीची सभा बोलावली. एक तारखेला तीन दिवस राहिले होते. नोटीस मागे घेतलीच होती, त्यामुळे कागद नव्याने मंजूर करणं भागच होतं. तात्याराव आल्या-आल्या माझ्यावर घसरले. शब्द कोणी सुचवला, ते कोणालाच आठवत नव्हतं.

"पदाचं नाव 'रुग्णालय व्यवस्थापक' करू," मी म्हणालो. "ते झालं. आता कर्तव्यांना एक पुरवणी जोडायची आहे. वाचतो." आणि मी वही काढली.

"एका महिन्यात विश्वस्तांनी थेट दिलेल्या सूचना, एकशे चौऱ्याऐंशी. त्यांतल्या एकमेकींच्या विरुद्ध, सदतीस. अध्यक्ष, बावीस. कॅन्टीनचा चहा पातळ आहे. दोन दिवसांनी, चहात दूध फार जातं. बजरंगशेठ, एकोणीस. भाच्याला हॉस्पिटल फिरवून दाखवणे. भाच्याला ऑपरेशन थिएटर का दाखवलं नाही."

"निर्जंतुक जागा आहे ती," डॉ. होनप म्हणाल्या.

"वाचा, वाचा, सगळ्यांचं वाचा," बजरंगशेठ गुरगुरले. "तुमचं किती?"

मला हेच हवं होतं असं नाही म्हणणार. हे टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. पण नसीमबानूंनी मधली पानं गाळू नका म्हणून सांगितलं होतं.

"मानद चिटणीस दत्तप्रसाद खांबेटे," मी वाचलं.  "सत्तेचाळीस. सगळ्यात जास्त. मेव्हणी कौशल्याबाई यांना सोनोग्राफीत मधे घेणे. कौशल्याबाईंचा रिपोर्ट घरी पाठवणे. रविवारी सकाळी सात: सभेची फाइल सापडत नाही, कुठे ठेवली. त्याच दिवशी साडेसात: सापडली, माझ्याच पिशवीत होती. जॉब डिस्क्रिप्शन टाइप करणे, खाडाखोड करून पुन्हा टाइप करणे, अकरा वेळा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी स्वतःला त्या बाईंचा वाली समजत होतो आणि 'किंवा'साठी भांडल्याबद्दल मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो. नऊ साहेबांतला सगळ्यात त्रासदायक साहेब मी होतो. मला खरोखर वाईट वाटलं.

"त्या एक तारखेला खराडीच्या नोकरीला हो म्हणणार आहेत," मी म्हणालो. "पगारासाठी नाही. तिथे एकच साहेब आहे म्हणून. आणि त्या गेल्यावर जानेवारीचा अग्निशमनाचा दाखला, पाच तारखेचा सोनोग्राफीचा अहवाल हे कुठे असतं ते इथल्या कोणाला माहीत आहे, त्याने हात वर करावा."

 वृद्ध विश्वस्तांनी हात वर केला, पण ते पाणी मागत होते.

"ठीक आहे, एकच नाव. पण कोणाचं?" तात्याराव म्हणाले. आणि परत सुरू झालं! अध्यक्ष मोठा की चिटणीस, वयाने कोण, ट्रस्टवर आधी कोण आलं. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी डॉ. होनप उठून उभ्या राहिल्या. त्यांची राउंडची वेळ झाली होती.

"माणसाचं नाव लिहायचंच नसतं हो त्यात. पद लिहायचं असतं. माणसं बदलतात, कागद राहतो. घटनेप्रमाणे ट्रस्टचा रोजचा पत्रव्यवहार चिटणीस बघतो ना? मग चिटणीस लिहा, आणि खाली लिहा की विश्वस्तांच्या सूचना चिटणीसांमार्फतच जातील. येते मी."

तसं लिहिलं. 'मानद चिटणीस यांना जबाबदार. वैद्यकीय बाबींत मेडिकल सुपरिंटेंडेंट यांच्याशी समन्वय. विश्वस्तांच्या सूचना केवळ चिटणीसांमार्फत.' मंजूर. तात्यारावांनी सही करताना माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की आता तुमची पाळी. त्यांचं बरोबर होतं. आठ जणांचे फोन आता मला येणार होते.

त्याच दुपारी मी सहीचा कागद जिन्याखाली नेला. तुळई लागली. नसीमबानूंनी सगळं वाचलं नाही. बोट सरळ त्या ओळीवर ठेवलं, दोनदा वाचली आणि पर्समधून फोन काढून मिसबाला लावला. "नाही येत मी, बेटा. नाही. सांगते घरी आल्यावर."

पुढचं रीतसर झालं. नोटीस लागली, 'रुग्णालय व्यवस्थापक पाहिजे', अर्ज आले चौदा, मुलाखतीला पाच. बाहेरच्या एका हॉस्पिटलच्या निवृत्त संचालिका तज्ज्ञ म्हणून बसल्या होत्या. त्यांनी नसीमबानूंना सोनोग्राफीच्या फॉर्मबद्दल एक प्रश्न विचारला आणि पंचवीस मिनिटं वहीत टिपून घेत बसल्या. नेमणूक झाली. अकरावी त्रुटी निकालात निघाली. जिन्याखालचं टेबल मात्र तिथेच आहे, कारण वरची खोली कोणाला द्यायची यावर विश्वस्तांत मतभेद आहेत.

माझं काय झालं विचाराल तर मी रोज सकाळी सातला बजरंगशेठचा फोन घेतो. चहा पातळ, चहा घट्ट. परवा कौशल्याला डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली. मी सवयीने फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडून शांत आवाज आला: "सर, रांगेत अठरावा नंबर आहे. साडेबाराला पाठवा."

साडेबाराला पाठवली.

त्या दिवशी संध्याकाळी नसीमबानू माझ्या खोलीच्या दारात आल्या. पहिल्यांदाच कोणी न बोलावता. हातात एक टाइप केलेला कागद होता, वर रुग्णालयाचा शिक्का, डाव्या बाजूला 'प्रति' आणि त्याखाली एकच ओळ: मा. मानद चिटणीस. विषय: आठ दिवसांची अर्जित रजा मिळणेबाबत. बहिणीकडे मिरजेला जायचं होतं.

"मुद्दाम टाइप केला," त्या म्हणाल्या. "कसा लिहितात ते विसरले होते."

मी तो दोनदा वाचला. मग सही केली, तारीख घातली, आणि त्यांनी प्रत मागितली म्हणून प्रतीवरही केली. त्यांनी घडी घालून प्रत पर्समध्ये ठेवली. आणि माझ्यासमोरच फोन बंद केला.